‘जवणिज्ज’ : एका शब्दाची सर्व स्थाने

(सुवर्णमहोत्सवी स्वाध्याय सभेतील व्याख्यानाचा पाठ)



भाईंदरच्या बावन जिनालयात असो, मीरा रोडच्या एखाद्या घरदेरासरात असो वा उपाश्रयात गुरुभगवंतांसमोर असो, खमासमण देणारा प्रत्येक श्रावक दिवसातून अनेक वेळा दोन शब्द उच्चारतो : ‘जावणिज्जाए निसीहिआए’. पंचांग प्रणिपात करताना हे शब्द इतक्या सहजपणे मुखातून बाहेर पडतात की, त्यांच्या अर्थाकडे लक्ष जाण्यास सवडच मिळत नाही. मात्र पाठशाळेतील एखादा चिकित्सक विद्यार्थी दोन-तीन सार्थ पुस्तिका शेजारी शेजारी ठेवतो, तेव्हा अडचण उभी राहते. एका पुस्तिकेत ‘जावणिज्जाए’चा अर्थ ‘यथाशक्ती’ असा दिलेला असतो, दुसरीत ‘सुखशाता विचारून’ असा असतो, तर तिसरीत इंद्रियसंयमाशी त्याचा संबंध जोडलेला असतो. तिन्ही पुस्तिका श्रद्धेने लिहिलेल्या आहेत आणि तिन्हींच्या मागे कोणत्या ना कोणत्या विवरणाचा आधार आहे. मग मुलांना काय शिकवावे?

अशा वेळी बहुतेक जण कोश उघडतात, पहिला दिसेल तो अर्थ घेतात आणि पुढे जातात. प्राकृताच्या अभ्यासकांची रीत मात्र निराळी आहे. शब्द विरळ असेल, तर त्याचा अर्थ ठरविण्यापूर्वी तो जेथे जेथे आला आहे ती सर्व स्थाने आधी जमवावयाची, प्रत्येक स्थानी त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावयाचे, आणि सर्व स्थानांना पुरून उरेल असाच अर्थ मान्य करावयाचा. ‘जवणिज्ज’ हा शब्द या रीतीने तपासला असता काय हाती लागते, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम साधनांविषयी थोडेसे. श्रीमद् विजयराजेंद्रसूरीश्वरजींचा सात भागांचा ‘अभिधान राजेंद्र’ आणि पंडित हरगोविंददास शेठ यांचा ‘पाइअसद्दमहण्णवो’ हे दोन कोश बहुतेक ज्ञानभांडारांत असतात. शतावधानी मुनिश्री रत्नचंद्रजींचा पाच भागांचा अर्धमागधी कोशही अनेक ठिकाणी आढळतो. कोश अर्थ सांगतो आणि काही निवडक दाखले देतो, पण सर्व स्थाने देणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी शब्दसूची लागते. लाडनूंच्या जैन विश्व भारतीने 1980 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘आगम शब्दकोश’ नावाने कोश असला तरी वस्तुतः अंगसूत्रांची शब्दसूचीच आहे. आचारांग, सूत्रकृतांग, उत्तराध्ययन, दशवैकालिक आणि इसिभासियाइं या पाच प्राचीन ग्रंथांच्या शब्दसूची व उलट सूची जपानमधील मोरिइची यामाझाकी आणि युमी ओउसाका या विद्वानांनी संगणकाच्या साहाय्याने तयार केल्या. उलट सूचीत शब्द शेवटच्या अक्षरावरून लावलेले असतात. त्यामुळे समासाच्या उत्तरार्धात दडलेला शब्दही सापडतो. मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने मुनिश्री पुण्यविजयजी व मुनिश्री जंबूविजयजी यांच्या संपादनाखाली ज्या आगमांच्या संशोधित आवृत्त्या काढल्या, त्यांच्या शेवटीही शब्दसूची जोडलेल्या आहेत.

या कामाचे महाराष्ट्रातील मोठे उदाहरण पुण्याचे. डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. सुमारे 1500 ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी शब्दपत्रिका तेथे तयार झाल्या. एका पत्रिकेवर एक शब्द, त्याचे वाक्य आणि त्याचे स्थान. त्या कोशाचे संपादक डॉ. अमृत माधव घाटगे यांनी पुढे, 1987 पासून, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाचे काम हाती घेतले. त्यामागे सन्मति-तीर्थ या संस्थेचे व नवलमलजी फिरोदिया यांचे पाठबळ होते. ही पद्धत एका घरच्या टेबलावरही चालते. पन्नासेक कोरी कार्डे आणि थोडा संयम पुरेसा होतो.

आता ‘जवणिज्ज’कडे वळू. शब्दसूची उघडण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : नेमके काय शोधावयाचे? केवळ ‘जवणिज्ज’ हेच रूप शोधले तर चार-सहा स्थाने मिळतील आणि शोध तेथेच थांबेल. प्राकृतात शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो आणि दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होतो. हेमचंद्राचार्यांच्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायातील पहिल्या पादात 245 व 231 ही सूत्रे त्यासाठीच आहेत. त्यानुसार ‘जवणिज्ज’चे संस्कृत रूप ‘यापनीय’ ठरते. ‘यापन’ म्हणजे चालविणे, धकवून नेणे. मराठीत ‘कालयापन’, ‘जीवनयापन’ हे शब्द याच कुळातले. असे असेल तर या कुळातील क्रियापद ‘जावेइ’ आणि नाम ‘जवण’ किंवा ‘जवणा’ हीही शोधली पाहिजेत. ‘जव’ आणि ‘जाव’ असे ऱ्हस्व-दीर्घाचे दोन्ही पर्याय पाहिले पाहिजेत, कारण प्राकृतातील प्रयोजक रूपांत हा बदल सर्रास होतो. ‘ठावेइ’ आणि ‘ठवेइ’ ही दोन्ही रूपे आगमांत शेजारी शेजारी नांदतात.

येथेच पहिली फसगत होण्याचा संभव असतो. सूचीत ‘जवण’ म्हणून जे दिसते ते सर्व एकाच घरचे नसते. अनार्य जातींच्या यादीत ‘जवण’ येतो, तो यवन होय. घोड्याच्या वर्णनात ‘जवण’ येतो, त्याचा अर्थ वेगवान. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना ‘जवणिया’ ठाऊक आहे. स्वप्नपाठकांना बोलाविल्यावर त्रिशला मातेसाठी राजसभेत जो पडदा लावला जातो, ती ही यवनिका. ही सर्व कार्डे वेगळी काढून ठेवावी लागतात. फेकून द्यावयाची नाहीत, केवळ बाजूस ठेवावयाची, कारण कधी कधी पहिली वाटणी चुकलेली असते आणि बाजूस ठेवलेले कार्ड परत आणावे लागते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. आगमांत वारंवार येणारे वर्णन पुन्हा लिहावयाचे नसले की, लिपिकार ‘जाव’ असे लिहून मधला मजकूर गाळतात. हा ‘जाव’ म्हणजे ‘यावत्’, अर्थात ‘येथपासून तेथपर्यंत’. एकीकडे हा ‘जाव’ सूचीतील शेकडो नोंदी व्यापतो आणि ‘जावेइ’ या क्रियापदाची खरी रूपे त्या गर्दीत हरवतात. दुसरीकडे, ‘जाव’ने गाळलेल्या मजकुरात शोधावयाचा शब्द असेल तर तो कोणत्याच सूचीत येत नाही. आजच्या संगणकीय शोधालाही हीच मर्यादा आहे. पडद्यावर शून्य दिसले म्हणून ग्रंथात तो प्रसंग नाही असे म्हणता येत नाही. जेथे संक्षेप आहे, तेथे ज्या मूळ वर्णनाकडे बोट दाखविलेले असते, ते उघडून पाहावेच लागते.

या दोन्ही अडचणी पार केल्यावर जी कार्डे उरतात, त्यांच्या ढिगात एक लहानशी पण लक्षणीय रांग दिसू लागते.

सर्वांत प्राचीन कार्ड आचारांगाचे आहे. पहिल्या श्रुतस्कंधातील ‘उवहाणसुय’ या नवव्या अध्ययनात भगवान महावीरांच्या साधनाकाळाचे वर्णन येते. त्याच्या चौथ्या उद्देशकात सांगितले आहे की, रूक्ष भात, बोरांचे चूर्ण म्हणजे मंथू, आणि कुल्माष या तीन पदार्थांवर भगवंतांनी आठ महिने देह चालविला. ‘चालविला’ या ठिकाणी जे क्रियापद आहे, ते ‘जावए’ व ‘जावइत्थ’. येथे अर्थाबद्दल शंकेला जागाच नाही. पुढचे कार्ड उत्तराध्ययनाच्या आठव्या, कापिलीय अध्ययनाचे. साधूने थंड, शिळे, नीरस अन्न घ्यावे आणि मंथूचे सेवन ‘जवणट्ठाए’ करावे, म्हणजे यापनेसाठी, देह चालावा म्हणून करावे, असे तेथे म्हटले आहे. कुल्माष आणि मंथू हे आचारांगातलेच शेजारी येथे पुन्हा भेटतात. उत्तराध्ययनाच्या पस्तिसाव्या अध्ययनात रसासाठी नव्हे तर ‘जवणट्ठाए’ भोजन करावे असा उपदेश आहे, आणि दशवैकालिकाच्या नवव्या अध्ययनाच्या तिसऱ्या उद्देशकात गोचरीच्या संदर्भात ‘जवणट्ठया’ येतो. चारही स्थानी विषय आहाराचा आहे आणि हेतू देहनिर्वाहाचा.

हे चार दाखले हाती येण्यासाठी कोणती सूची उघडली हे महत्त्वाचे ठरते. लाडनूंची सूची अंगसूत्रांची आहे. उत्तराध्ययन आणि दशवैकालिक ही मूलसूत्रे असल्यामुळे त्यांतील ‘जवणट्ठा’ त्या सूचीत सापडणार नाही. केवळ तेवढ्या एका सूचीवर विसंबणाऱ्याच्या रांगेतील तीन मोलाची कार्डे गहाळ होतील आणि ती गहाळ झाली आहेत हे त्याला कळणारही नाही. म्हणून सूची हाती घेतल्यावर तिच्यात कोणते ग्रंथ आहेत आणि कोणते नाहीत, हे पहिल्याच कार्डावर लिहून ठेवण्याची सवय हितकारक असते.

यानंतर खुद्द ‘जवणिज्ज’ हे रूप जेथे येते ती स्थाने. भगवतीसूत्राच्या अठराव्या शतकाच्या दहाव्या उद्देशकात वाणियगामचा सोमिल ब्राह्मण भगवंतांकडे येतो. आपल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना देता आली नाहीत तर त्यांना निरुत्तर करावयाचे, असा त्याचा बेत असतो. तो विचारतो : आपणांस यात्रा आहे काय? यापनीय आहे काय? अव्याबाध आहे काय? प्रासुक विहार आहे काय? भगवंत चारही प्रश्नांना होकार देतात आणि प्रत्येकाचा अर्थ उलगडून सांगतात. यात्रा म्हणजे तप, नियम, संयम, स्वाध्याय, ध्यान आदींमधील यतना. यापनीय दोन प्रकारचे : इंद्रिय-यापनीय आणि नोइंद्रिय-यापनीय. पाचही इंद्रिये अनुपहत असून वश आहेत, हे पहिले. क्रोध, मान, माया, लोभ यांचा उच्छेद होऊन ते पुन्हा उदीर्ण होत नाहीत, हे दुसरे. हाच संवाद ज्ञाताधर्मकथेच्या पाचव्या अध्ययनात शुक परिव्राजक आणि थावच्चापुत्र यांच्यामध्ये होतो. निरयावलियांतर्गत पुप्फियात वाराणसीचा सोमिल हेच प्रश्न पार्श्वप्रभूंना विचारतो. तेथील पाठ संक्षिप्त आहे, म्हणून वर सांगितलेली खबरदारी या ठिकाणी विशेष उपयोगी पडते.

येथे मोजणीचा एक नियम आहे. ही तीन स्थाने म्हणजे तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत. एकच संवाद तीन ग्रंथांत आलेला आहे. साक्षीदार एक आणि त्याची जबानी तीन वह्यांत उतरविलेली, असे हे आहे. म्हणून या तीन कार्डांना एक टाचणी लावून त्यांचे वजन एकच धरावे लागते. अन्यथा आगमांत अनेक ठिकाणी ‘जवणिज्ज’ म्हणजे इंद्रियजय असे सांगितले आहे, असा चुकीचा ग्रह होतो.

नेमका याच संवादावर एका मोठ्या विद्वानाने आपले मत उभे केले होते. सीमाभागातील सदलगा गावी 1906 मध्ये जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तीन दशके अर्धमागधी शिकविणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी यापनीय संघावर 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात निबंध लिहिला आणि 1974 मध्ये भांडारकर संस्थेच्या वार्षिकात त्याच विषयावर पुन्हा लेखन केले. ज्ञाताधर्मकथेतील व्याख्या इंद्रियनियमनाची आहे हे पाहून त्यांनी असे सुचविले की, ‘जवणिज्ज’च्या मुळाशी ‘या’ नव्हे, तर ‘यम्’ म्हणजे आवरणे हा धातू असावा. मूळ शब्द ‘यमनीय’ असून ‘यापनीय’ हे त्याचे चुकीचे संस्कृतीकरण होय. पार्श्वप्रभूंच्या चाउज्जाम धर्मातील ‘याम’शी त्यांनी त्याची तुलना केली. उपाध्ये यांच्यासारखा पाठचिकित्सक हे सुचवितो तेव्हा ते बाजूस सारता येत नाही. केवळ या संवादाकडे पाहिले तर तो अर्थ अगदी स्वाभाविक वाटतो.

पण कार्डांची सगळी रांग समोर ठेवली की, तीन गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. पहिली ध्वनीची. ‘प’चा ‘व’ हा नित्याचा बदल आहे. ‘म’चा ‘व’ होतो, परंतु हेमचंद्राचार्य तो अपभ्रंशाच्या प्रकरणात, चौथ्या पादाच्या 397व्या सूत्रात सांगतात. आगमांच्या अर्धमागधीत तो गृहीत धरावयाचा तर स्वतंत्र पुरावा हवा. दुसरी गोष्ट ‘जवणट्ठा’ची. आहार नियमनासाठी घ्यावा असे ओढूनताणून म्हणता येईल, पण रूक्ष अन्नावर आठ महिने देह ‘आवरला’ असे आचारांगाच्या वाक्याचे भाषांतर कोणीही करणार नाही. तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे आणि ती खुद्द सोमिलाच्या संवादातच दडलेली आहे.

सोमिल या चार प्रश्नांवर थांबत नाही. पुढे तो विचारतो : सरिसवया आपणांस भक्ष्य आहेत की अभक्ष्य? मासा? कुलत्था? भगवंत सांगतात की, भक्ष्यही आहेत आणि अभक्ष्यही. ‘सरिसवया’ म्हणजे मोहरी, आणि समवयस्क मित्रही. ‘मासा’ म्हणजे उडीद, महिने आणि सोने-चांदीचे मासेही. ‘कुलत्था’ म्हणजे कुळीथ, आणि कुलस्त्रीही. म्हणजे हा संपूर्ण उद्देशक द्व्यर्थी शब्दांच्या पायावर उभा आहे. प्रश्नकर्ता एका अर्थाने विचारतो आणि भगवंत शब्दाचे सर्व पदर उलगडून दाखवितात. तेच धोरण पहिल्या चार प्रश्नांनाही लागू होते असे मानणे सयुक्तिक ठरते. सोमिल लौकिक अर्थाने विचारतो, भगवंत उत्तर लोकोत्तर अर्थाने देतात. इंद्रियजय हा ‘जवणिज्ज’ या शब्दाचा कोशार्थ नव्हे. तो त्या शब्दात भगवंतांनी ओतलेला अर्थ आहे. आणि त्या व्याख्येत इंद्रियांना ‘वश’ म्हणण्यापूर्वी ‘अनुपहत’, म्हणजे ‘इजा न झालेली’, असे जे विशेषण आले आहे, त्यात शरीरस्वास्थ्याचा जुना अर्थ अजून शिल्लक राहिला आहे.

तो लौकिक अर्थ कोणता, हे शेजारच्या घरी विचारता येते. बौद्धांचा पाली त्रिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापला आणि संगणकावर शोधता येईल असाही उपलब्ध करून दिला. त्यात विनयपिटकामध्ये दूरवरून आलेल्या भिक्षूंची विचारपूस करताना ‘खमनीय’ आणि ‘यापनीय’ हे दोन शब्द जोडीने येतात : सहन होण्याजोगे आहे ना, निभावते आहे ना? आहार का घ्यावा याचे जे चिंतन भिक्षू करतो, त्यात देहाच्या ‘यापने’साठी असे म्हटले आहे आणि त्याच वाक्यात ‘यात्रा’ व ‘फासुविहार’ हेही शब्द आहेत. सोमिलाच्या चार प्रश्नांतील तिघे शेजारी येथे एकाच ओळीत बसलेले दिसतात. ज्येष्ठांचे कुशल विचारणाऱ्या वाक्यात ‘अप्पाबाध’ आणि ‘फासुविहार’ येतात, तोच चौथा. हे शब्द त्या काळच्या श्रमणांमध्ये कुशलप्रश्नाचे ठरलेले शब्द होते, हे या शेजारावरून स्पष्ट होते. मराठी माणूस ‘बरं चाललंय ना?’ असे विचारतो, तेव्हा कोठे चालले असे कोणी विचारत नाही. ‘यात्रा’ आणि ‘यापनीय’ यांचे तसेच आहे.

अर्थात, शेजारच्या परंपरेचा दाखला हा पूरकच मानावयाचा असतो. पालीतील अर्थ जसाच्या तसा उचलून आगमांवर लादणे हीही तितकीच मोठी चूक ठरेल. ‘फासु’ या शब्दाचेच पाहा. पालीत तो सुखकर अशा अर्थाने येतो, तर जैन परंपरेत ‘फासुय’ म्हणजे जीवरहित, प्रासुक. तेथे दोन घरांच्या वाटा फुटल्या आहेत. ‘जवणिज्ज’च्या बाबतीत पालीचा दाखला घेता येतो तो आचारांग, उत्तराध्ययन व दशवैकालिक हे घरचे साक्षीदार आधीच त्याच बाजूने बोलले आहेत म्हणून.

आता उरली ती आवश्यकसूत्राची कार्डे, म्हणजे जेथून शोध सुरू झाला ते स्थान. वांदण्यांच्या सूत्रात शिष्य गुरूंना दिवस अल्प श्रमात, शुभपणे गेला ना असे विचारतो आणि लगेच ‘जत्ता’ व ‘जवणिज्ज’ यांविषयी पृच्छा करतो. संदर्भ उघडपणे कुशलप्रश्नाचा आहे. आवश्यकनिर्युक्तीत वंदनाची जी सहा स्थाने सांगितली आहेत, त्यांत इच्छा आणि अनुज्ञापना यांनंतर अव्याबाध, यात्रा आणि यापना अशी क्रमाने येतात व शेवटी अपराधक्षमापना. निर्युक्तीने येथे ‘जवणिज्ज’ऐवजी ‘जवणा’ हे नाम वापरले आहे. अर्थात निर्युक्तिकारांच्या दृष्टीने ‘जवणिज्ज’ आणि उत्तराध्ययनातील ‘जवण’ हे एकाच घरचे आहेत. कोणताही तर्क न करता परंपरेनेच हा दुवा जोडून ठेवला आहे. आश्चर्य एवढेच की, अर्थाच्या वादात त्याची आठवण फारशी निघत नाही.

तसाच आणखी एक दुवा प्रत्येक श्रावकाच्या जिभेवर आहे. खमासमणानंतर गुरुमहाराजांची सुखशाता विचारण्याचे जे गुजराती वळणाचे सूत्र म्हटले जाते, त्यात शरीर ‘निराबाध’ असल्याविषयी विचारले जाते आणि संजम‘जात्रा’ ‘निर्वहो’ छो ना, असे पुढे विचारले जाते. निराबाध म्हणजे अव्वाबाह. जात्रा म्हणजे जत्ता. आणि निर्वाह म्हणजेच यापन. ज्या कोणी हे सूत्र लोकभाषेत बांधले, त्याने प्राकृत शब्दांचा जुना संच ओळखून त्यातील ‘जवणिज्ज’च्या जागी सर्वांना समजेल असे ‘निर्वाह’ हे क्रियापद योजले. शब्दसूचीने जो अर्थ आठ-दहा कार्डांनंतर दाखविला, तो येथे आधीपासूनच होता.

मग ‘जावणिज्जाए निसीहिआए’ याचा अर्थ? येथे शब्द प्रश्नात नाही, तर वंदनास उद्यत झालेल्या देहाचे विशेषण म्हणून तृतीयेत आहे. यापनीय, म्हणजे चालू शकणारा, वंदनाची क्रिया निभावू शकणारा देह. परंपरेतील विवरणे त्याचा अर्थ ‘शक्तियुक्त’ असा करतात, तो यापनेच्या अर्थाशी नीट जुळतो. म्हणून पाठशाळेतील पहिल्या पुस्तिकेतील ‘यथाशक्ती’ हा अर्थ खमासमणाच्या स्थानी ग्राह्य ठरतो. दुसरीतील ‘सुखशाता’ हा अर्थ वांदण्यांतील ‘जवणिज्ज’चा आहे, तो खमासमणात आणला की, एक क्रिया दुसरीत मिसळते. तिसरीतील इंद्रियसंयम हा भगवतीसूत्रातील उत्तराचा आशय आहे. तो चिंतनासाठी अवश्य सांगावा, पण शब्दार्थाच्या रकान्यात नव्हे, तर विवरणात. तिन्ही पुस्तिकांनी खरे तेच सांगितले, परंतु तीन स्थानांचे अर्थ एका स्थानी आणून ठेवले.

या तपासणीची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. उपाध्ये यांचा मूळ विषय यापनीय संघाच्या नावाचा होता आणि त्या नावाचा उलगडा या कार्डांनी होत नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात हलशी हे गाव आहे. तेच कदंबांचे पलाशिका. तेथील कदंब राजा मृगेशवर्म्याच्या पाचव्या शतकातील ताम्रपटात जिनालयासाठी दिलेल्या भूदानाच्या संदर्भात यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशी तीन नावे एकत्र येतात. पुढच्या लेखांत व ग्रंथांत हेच नाव जापनीय, यापुलीय, जापुलीय, आपुलीय अशा अनेक वळणांनी लिहिलेले आढळते. त्यातील ‘ल’ हा ‘यापनीय’वरून सरळ सिद्ध होत नाही. संघाचे नाव हे विशेषनाम आहे. ते कुशलप्रश्नातील शब्दावरून पडले, दुसऱ्या कोणी ठेवले, की एखाद्या स्थानिक शब्दाचे ते संस्कृतीकरण आहे, हे केवळ आगमांच्या सूचीवरून ठरणार नाही. त्यासाठी कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्रातील शिलालेखांतील प्रत्येक उल्लेख त्याच्या मूळ अक्षरांसह, छापील वाचनावर न विसंबता ठशांवरून ताडून, कार्डांच्या निराळ्या पेटीत जमवावा लागेल. ‘जवणिज्ज’ची पेटी तूर्त एवढ्यावर बंद करता येते.